नोटिशीतली बाहुली आणि तुमच्या गोदामातली बाहुली

प्रश्न: मी छोटा आयातदार आहे. एका कारखान्याकडून दोन खेपांत 600 बाहुल्या आणल्या, त्यातल्या 190 विकल्या, 410 पडून आहेत. एका गिऱ्हाइकाने युरोपच्या ‘सेफ्टी गेट’वरची नोटीस पाठवली. फोटो तसाच, मॉडेल नंबर तोच, ब्रँड मात्र वेगळा. त्यात डीईएचपी नावाचं रसायन 22 टक्के, ‘सीरियस रिस्क’ आणि रिकॉल असं लिहिलंय. पुरवठादार म्हणतो, ती नोटीस दुसऱ्याची आहे, आमच्याकडे पास झालेला रिपोर्ट आहे. मी युरोपात काहीच विकत नाही. ही नोटीस मला लागू होते का? मी नेमकं काय करू?

उत्तर:

आधी आजचं काम सांगतो, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल. विक्री आत्ता थांबवा. ऑनलाइन यादीतून वस्तू उतरवा, ज्या दुकानदारांना माल दिलाय त्यांना फोन करून बाजूला ठेवायला सांगा आणि 410 नग वेगळे रचून त्यावर ‘विकू नये’ असं लिहा. मऊ प्लास्टिकच्या दुसऱ्या खेळण्यांना चिकटून हा माल ठेवू नका. त्याचं कारण पुढे येईल. विक्री चार दिवस थांबली तर नुकसान भरून निघतं. नोटीस हातात आल्यानंतर विकलेल्या प्रत्येक नगाचं उत्तर मात्र तुम्हालाच द्यावं लागतं, आणि तिथे ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणता येत नाही.

आता ‘लागू होते का’ याबद्दल. कायद्याने, तुम्ही युरोपात विकत नसाल तर ती नोटीस तुम्हाला उद्देशून नाही. युरोपीय संघातल्या एखाद्या देशाच्या बाजार-तपासणी खात्याला तिथल्या दुकानात किंवा बंदरावर तो माल सापडला, त्यांनी तपासला, तिथल्या आयातदाराला किंवा विक्रेत्याला आदेश दिला आणि ती माहिती सगळ्यांना कळावी म्हणून सेफ्टी गेटवर टाकली. पूर्वी याच व्यवस्थेला रॅपेक्स म्हणत. त्या आदेशाची हद्द तिथल्या बाजारापुरती. पण नोटिशीत आदेशाशिवाय आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे मोजमाप. अमुक बाहुलीच्या प्लास्टिकमध्ये अमुक रसायन इतकं निघालं, हे ते मोजमाप. त्याला सरहद्द नसते. तुमचा माल त्याच साच्यातून, त्याच पिंपातल्या प्लास्टिकातून आला असेल तर ते रसायन तुमच्याही बाहुलीत आहे. म्हणून ‘लागू होते का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘माझ्या बाहुलीत ते आहे का’ हा प्रश्न घ्या. त्याचं उत्तर शोधता येतं.

एक अपवाद आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्या वेबसाइटवरून युरोपातल्या एखाद्या गिऱ्हाइकाला एकही नग थेट गेला असेल तर गोष्ट बदलते. तिथला सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा कायदा, म्हणजे 2023/988 क्रमांकाचा नियम, 13 डिसेंबर 2024 पासून लागू आहे आणि तो बाहेरून ऑनलाइन विकणाऱ्यालाही धरतो. जुन्या ऑर्डरींवर एकदा नजर टाका.

नोटीस वाचायची कशी ते बघू. बहुतेक लोक फोटो आणि ‘सीरियस’ हा शब्द बघून घाबरतात किंवा ब्रँड वेगळा दिसला की सुटकेचा श्वास टाकतात. दोन्ही घाईचं आहे.

ब्रँड सगळ्यात कमी कामाचा. अशा बाहुल्या कारखाना एकाच साच्यातून काढतो आणि दहा आयातदारांसाठी दहा नावांच्या खोक्यांत भरतो. कामाचा असतो तो कारखान्याचा आयटम नंबर. तो तुमच्या खोक्यावर, मोठ्या कार्टनच्या लेबलवर आणि पुरवठादाराच्या पॅकिंग लिस्टमध्ये सापडेल. नंबरानंतर आडवी रेघ आणि आणखी एखादा आकडा किंवा अक्षर असलं तर बहुधा कपडे किंवा रंग बदललेला असतो, बाहुली तीच. बारकोडवर फार विसंबू नका. स्वस्त बिनब्रँड खेळण्यांवर तो पुष्कळदा उचललेला असतो, आणि त्याचे पहिले आकडे नंबर कुठल्या संस्थेने दिला एवढंच सांगतात, माल कुठे बनला ते नाही. फोटोशी जुळवताना कपड्यांकडे बघू नका. डोक्याच्या मागे, मानेखाली आणि तळपायावर साच्यात उठवलेलं काय आहे ते बघा, पापण्यांचा रंगवण्याचा नमुना बघा, खोक्याच्या मागची इशाऱ्याची पट्टी बघा. इशाऱ्याच्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच असेल तर खोका एकाच छपाईचा आहे असं खुशाल समजा.

बॅच नंबरच्या जागी नोटिशीत बऱ्याचदा ‘अननोन’ असतं. याचा अर्थ लोक ‘एखादी अनोळखी बॅच, माझी नव्हे’ असा लावतात. खरा अर्थ इतकाच की तपासणी खात्याला त्या नगावर बॅच सापडली नाही, त्यामुळे धोका कुठल्या बॅचपुरता आहे हे त्यांना ठरवता आलं नाही. अशी नोटीस सगळ्या बॅचवर संशय ठेवते.

मग उपाययोजनेची ओळ. तिथे ‘विथड्रॉवल’ आणि ‘रिकॉल’ हे दोन वेगळे शब्द येतात आणि मराठीत आपण दोन्हींना ‘माल परत घेणे’ म्हणतो. विथड्रॉवल म्हणजे दुकानात, गोदामात असलेला माल विक्रीतून काढणे. रिकॉल म्हणजे लोकांच्या घरी गेलेला नग परत बोलावणे. तुमच्या नोटिशीत रिकॉल आहे, म्हणजे दुकानातून काढणं पुरेसं नाही असं तिथल्या खात्याला वाटलं. कधी तिथे ‘सीमेवर आयात नाकारली’ असंही लिहिलेलं असतं, तेव्हा माल विकला जाण्याआधीच पकडला गेलेला असतो.

आणि आता तो 22 टक्क्यांचा आकडा. सगळ्या नोटिशीत सगळ्यात जास्त बोलणारी ही एकच गोष्ट आहे.

पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याची पाइप होते. त्याला बाहुलीच्या डोक्यासारखं मऊ करायचं तर त्यात तेलासारखा एक पदार्थ भरपूर मिसळावा लागतो, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. डीईएचपी हा त्यातला जुना, स्वस्त प्रकार. तो पीव्हीसीला रासायनिक रीतीने बांधलेला नसतो, स्पंजात पाणी असावं तसा नुसता मुरलेला असतो, म्हणून मूल डोकं तोंडात घालून चघळतं तेव्हा लाळेबरोबर थोडा थोडा बाहेर येतो. त्याने प्रजननसंस्थेच्या वाढीला अपाय होऊ शकतो. म्हणून युरोपात खेळण्यांच्या मऊ केलेल्या प्लास्टिकात डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी हे चार मिळून वजनाच्या 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाहीत. अमेरिकेतही डीईएचपीची मर्यादा 0.1 टक्काच आहे.

आता विचार करा. मऊ पीव्हीसीत प्लास्टिसायझर साधारण 20 ते 40 टक्के असतो. मोजमाप 22 टक्के आलं, याचा अर्थ डीईएचपी चुकून लागलेला नाही. कारखान्याने मऊ करण्यासाठी तोच वापरला. पिंपातून ओतून, कृती म्हणून. हेच मोजमाप 0.3 टक्के आलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. तेव्हा मिसळायच्या यंत्रात आधीच्या मालाचा अंश राहिला असेल, भंगार प्लास्टिक दळून घातलं असेल, किंवा रंगातून आलं असेल, असे तर्क निघतात. अशा वेळी एका खोक्यातली बाहुली पास होते आणि शेजारची नापास, त्यामुळे पुष्कळ नमुने तपासावे लागतात. 22 टक्क्यांच्या बाबतीत तसं होत नाही. त्या दिवशी त्या पिंपातून बनलेलं प्रत्येक डोकं सारखंच नापास असतं आणि त्या बॅचचा एक नग तपासला तरी चित्र स्पष्ट होतं. तुमच्यासाठी ही त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण तपासणी सोपी आणि कमी नगांची होते.

पुरवठादाराच्या रिपोर्टकडे वळू. ‘पास’ हा शब्द वाचून थांबू नका. मी या कामात पहिल्यांदा आलो तेव्हा एका छोट्या आयातदाराचा असाच रिपोर्ट बघितला होता. सगळं व्यवस्थित, शिक्का, सही, पास. तिसऱ्या पानावर नमुन्याचं वर्णन होतं, ‘पिवळं मऊ प्लास्टिक’. टेबलावर जी बाहुली होती तिच्या अंगावर पिवळं काहीही नव्हतं. कारखान्याने बदकाचा रिपोर्ट बाहुलीसाठी दिला होता आणि रिपोर्ट खोटा नव्हता, बदक खरंच पास झालं होतं. तेव्हापासून मी कुठलाही रिपोर्ट शेवटच्या पानावरच्या फोटोपासून वाचायला लागतो. फोटोतला नग माझ्या हातातल्या नगासारखा आहे का? नमुना लॅबला मिळाल्याची तारीख माझा माल बनण्याच्या आधीची किती? नमुना कोणी दिला? हे जुळलं की मग आकडे.

आकड्यांत दोन खळगे आहेत. पहिला एककाचा. नोटीस टक्क्यांत बोलते, लॅबचे रिपोर्ट बहुधा मिलिग्रॅम प्रति किलोत. 0.1 टक्का म्हणजे 1000 मिलिग्रॅम प्रति किलो, आणि 22 टक्के म्हणजे 2,20,000. दुसरा खळगा म्हणजे मिश्र चाचणी. पैसे वाचवण्यासाठी डोकं, बूट आणि पिशवी अशा तीन भागांचे तुकडे एकत्र करून एकच चाचणी घेतात. समजा तुमच्या रिपोर्टमध्ये अशा तीन भागांचा मिळून आकडा 840 आहे. 1000 च्या आत, म्हणून कोणी पास लिहिलं. पण तुकडे सारख्या वजनाचे असतील आणि सगळं डीईएचपी एकट्या डोक्यात असेल, तर डोक्याचा खरा आकडा 840 गुणिले 3, म्हणजे 2520 असू शकतो. तो नापास आहे. चांगली लॅब मिश्र आकडा असा संशयास्पद आला की प्रत्येक भाग वेगळा तपासते, पण ते झालं का हे रिपोर्टमध्ये शोधावं लागतं.

आता हाच हिशेब उलटा लावा, कारण त्यातून तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं. बाहुलीच्या डोक्यात 22 टक्के असतं तर तीन भागांच्या मिश्र चाचणीतसुद्धा आकडा 73,000 च्या पुढे गेला असता. 840 येणं शक्यच नव्हतं. म्हणजे पुरवठादाराचा रिपोर्ट खरा असेल आणि नोटीसही खरी असेल, तर दोन्ही नमुने वेगवेगळ्या प्लास्टिकचे होते. रिपोर्टसाठी एक प्लास्टिक, निदान एका बॅचसाठी दुसरं. तुमच्या दोन खेपांपैकी कोणती कुठल्या बाजूला पडते हे रिपोर्ट सांगू शकत नाही, कारण रिपोर्ट फक्त लॅबमध्ये गेलेल्या नमुन्याबद्दल बोलतो. बहुतेक रिपोर्टांत ही ओळ बारीक अक्षरात छापलेलीही असते.

पुरवठादाराशी भांडू नका, त्याला तीन गोष्टी लेखी विचारा. माझ्या प्रत्येक कार्टन नंबरचा माल कुठल्या तारखेला बनला? डोक्याच्या प्लास्टिकात प्लास्टिसायझर कोणता वापरला? त्या महिन्यातलं त्याचं खरेदीचं बिल दाखवाल का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एक अक्षर जपून वाचा. ‘आम्ही डीईएचपी वापरत नाही, डीओपी वापरतो’ असं उत्तर मला एकाहून जास्त वेळा आलं आहे, आणि सांगणारा माणूस लबाड होताच असं नाही. व्यापारात डीओपी म्हणून जे विकलं जातं ते साधारणपणे डीईएचपीच असतं. ‘डीओटीपी’ हा मात्र वेगळा पदार्थ आहे, तो या चार बंदी घातलेल्यांत बसत नाही आणि खेळण्यांत चालतो. बिलावर डीओपी दिसलं तर तुमचं उत्तर जवळजवळ मिळालंच. बिल दाखवायलाच नकार आला तर तीही माहिती समजा, पण पुरावा नव्हे.

आता तुमच्या गोदामात चला. आधी मोजणी. 410 नग दोन खेपांत कसे वाटले गेलेत ते कार्टनच्या लेबलवरून काढा. समजा पहिल्या खेपेत 250 आले होते आणि दुसऱ्या खेपेत 350. शिल्लक माल मोजला आणि पहिल्या खेपेचे 110, दुसऱ्या खेपेचे 300 निघाले. मग विकलेल्या 190 मध्ये पहिल्या खेपेचे 140 आणि दुसऱ्या खेपेचे 50 आहेत. ‘आधी आलेला माल आधी जातो’ असं गृहीत धरून चालला असता तर तुम्ही म्हणाला असता की दुसऱ्या खेपेचा एकही नग गेला नाही, आणि ते चूक ठरलं असतं. गोदामात पुढे ठेवलेला माल आधी जातो, आधी आलेला नव्हे.

प्रत्येक खेपेतून वेगवेगळ्या कार्टनमधले दोन-तीन नग स्वतः काढा, पिशवीत घाला, पिशवीवर कार्टन नंबर आणि तारीख लिहा, फोटो काढा. पुरवठादाराने पाठवलेला नमुना यासाठी वापरू नका. तोच एक नग त्याने नीट बनवून पाठवला तर तुम्हाला काहीच कळणार नाही.

एक बाहुली उघडा. डोकं मानेतून ओढलं की निघतं. डोकं दाबलं तर दबतं आणि परत फुगतं, ते मऊ पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त. धड टणक असेल तर ते बहुधा एबीएस किंवा तसलं काही असतं आणि त्यात प्लास्टिसायझर घालायचं कारण नसतं. बूट, पट्टा, छोटी पर्स, मऊ हात हे मात्र संशयित. घरच्या घरी एवढंच कळू शकतं की वस्तू पीव्हीसी आहे का. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत रंग येणं थांबेपर्यंत तापवायची, गरम तार प्लास्टिकला टेकवून पुन्हा ज्योतीत धरायची, हिरवी ज्योत आली तर प्लास्टिकात क्लोरीन आहे, म्हणजे ते बहुधा पीव्हीसी. हे करायचंच असेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा, धूर नाकात जाऊ देऊ नका आणि मुलं आसपास नकोत. हिरव्या ज्योतीतून डीईएचपीबद्दल काहीच कळत नाही. डीओटीपीने मऊ केलेलं, पूर्ण चालणारं पीव्हीसीही तितकंच हिरवं जळतं. एक्सआरएफच्या बंदुकीसारख्या यंत्राचंही तेच. ते क्लोरीन, शिसं, कॅडमियम दाखवतं, डीईएचपी दाखवू शकत नाही. एखादा एजंट ‘एक्सआरएफ पास’ सांगून तुम्हाला मोकळं करत असेल तर तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. वासावरूनही काही ठरवू नका.

लॅबला पाठवताना चार वाक्यं लिहून द्या. प्रत्येक मऊ भाग वेगळा तपासावा, मिश्र चाचणी नको. डीईएचपीच्या जातीच्या रसायनांची, म्हणजे थॅलेट्सची, जीसी-एमएस पद्धतीने चाचणी करावी. प्रत्येक भागाचा आकडा आणि मोजता येणारी किमान मर्यादा लिहावी. रिपोर्टमध्ये नगाचा फोटो आणि माझा पिशवीवरचा नंबर यावा. लॅबची आयएसओ 17025 ची मान्यता आहे का एवढंच विचारू नका, ती मान्यता खेळण्यातल्या थॅलेट्सच्या चाचणीसाठी आहे का ते विचारा. मान्यता चाचणीनुसार मिळते, लॅबला सरसकट नाही. पैसे कमी असतील तर दोन्ही खेपांची डोकी आधी पाठवा, कारण नोटिशीचं बोट डोक्याच्या प्लास्टिककडे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण नोटिशीत ‘डोकं’ असं लिहिलंय की नुसतं ‘प्लास्टिक मटेरियल’, ते एकदा नीट वाचा.

निकाल आला की काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर निकालाच्या दिवशी मन सोयीचं बघतं. समजा पहिल्या खेपेच्या डोक्यात आकडा मोजण्याच्या मर्यादेखाली आणि दुसऱ्या खेपेच्या डोक्यात 19 टक्के. नोटिशीतल्या 22 शी तो तंतोतंत जुळत नाही म्हणून आशा धरू नका, कृती तीच आहे, मिश्रणात आणि मोजणीत एवढा फरक पडतोच. दुसरी खेप बाद. तिचे 300 नग कायमचे बाजूला. पहिल्या खेपेचे बाकीचे मऊ भागही तपासा, ते पास झाले आणि त्या खेपेचे दोन-तीन कार्टन एकमेकांशी जुळले, तर ते 110 नग विकता येतील. मात्र ते त्या 300 नगांना चिकटून महिनोन्‌महिने ठेवलेले नसावेत. प्लास्टिसायझर स्पर्शातून एका मऊ प्लास्टिकातून दुसऱ्यात सरकतो. म्हणूनच सुरुवातीला वेगळं ठेवा म्हणालो. 0.1 टक्क्यासारख्या मर्यादेला एवढा स्पर्शही महागात पडतो.

आणि विकलेले 50? ते कोणत्या 50 जणांकडे आहेत हे बिलावरून कळत असेल तर त्यांना बोलवा. बिलावर खेप लिहिलेली नसेल, आणि बहुतेक छोट्या धंद्यात नसते, तर सगळ्या 190 जणांना कळवावं लागेल. 140 लोकांना विनाकारण त्रास होईल, हो. पण 50 घरांत ती बाहुली राहण्यापेक्षा ते चांगलं. मानेखाली साच्यात किंवा खोक्यावर दोन खेपांत डोळ्याला दिसणारा फरक सापडला तर मात्र गिऱ्हाइकांच्या पत्रात तो फोटोसह द्या, म्हणजे लोक स्वतःच ओळखतील. दोन्ही खेपांचे नग शेजारी ठेवून अर्धा तास बघण्यात घालवा, तो अर्धा तास वाया जात नाही.

याच टप्प्यावर तुमच्या देशातल्या ग्राहक सुरक्षा किंवा बाजार-तपासणी खात्याला कळवावं लागतं का ते बघा. बऱ्याच देशांत धोकादायक माल विकला गेल्याचं कळलं की ठरावीक मुदतीत कळवणं आयातदारावर बंधनकारक असतं. अमेरिकेत ही मुदत 24 तास आहे, युरोपात ‘ताबडतोब’. मुदत अनेकदा निकालाच्या कागदापासून नव्हे तर तुम्हाला धोका कळल्यापासून मोजतात, म्हणून गिऱ्हाइकाचा तो मेसेज कधी आला ते लिहून ठेवा आणि त्यानंतर काय केलं त्याची तारखेवार नोंद आजपासून सुरू करा. खात्याकडे जाताना हाच कागद तुमचा आधार असेल.

गिऱ्हाइकांना पत्र लिहिताना बहुतेक जण शब्द मवाळ करतात. ‘खबरदारी म्हणून’, ‘स्वेच्छेने’, ‘क्वचित प्रसंगी’, ‘आजवर एकही तक्रार नाही’. युरोपच्या त्या नव्या नियमाने रिकॉलच्या पत्रात असे, धोका कमी भासवणारे शब्द वापरायला मनाईच केली आहे, आणि माझ्या मते तो त्या नियमातला सगळ्यात शहाणा भाग आहे. ‘खबरदारी म्हणून’ वाचलं की आई-वडील पत्र बाजूला ठेवतात आणि बाहुली मुलाच्या हातात राहते. त्याच नियमाप्रमाणे दुरुस्ती, बदली आणि पैसे परत यांपैकी निदान दोन पर्याय द्यावे लागतात. तुम्हाला तो नियम बांधत नसला तरी मसुदा त्याच्यावरूनच घ्या:

‘सुरक्षेसाठी माल परत. मॉडेल नंबर अमुक, फोटोतली बाहुली, तमुक तारखांदरम्यान विकलेली. बाहुलीच्या डोक्याच्या प्लास्टिकात डीईएचपी हे रसायन मर्यादेपेक्षा खूप जास्त आहे. मूल ती तोंडात घालत राहिलं तर त्याच्या प्रजननसंस्थेच्या वाढीला अपाय होऊ शकतो. बाहुली लगेच मुलाकडून काढून घ्या आणि वापरू नका. पूर्ण पैसे परत किंवा दुसरं खेळणं, यांपैकी एक निवडण्यासाठी या नंबरावर संपर्क करा. बिल नसलं तरी चालेल.’

‘बिल नसलं तरी चालेल’ ही ओळ काढू नका. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या खेळण्याचं बिल कोणी ठेवत नाही आणि ही ओळ नसेल तर नग परत येत नाहीत. फोनवर घाबरलेले आई-वडील येतील. त्यांना शांतपणे सांगा की ही एकदा तोंडात घातल्याने होणारी विषबाधा नाही, त्यासाठी आज दवाखान्यात धावायची गरज नाही. हा धोका अनेक दिवस, अनेक वाटांनी अंगात साठत जाणाऱ्या संपर्काचा आहे आणि बाहुली काढून घेणं हेच आता करायचं काम आहे. मुलाला काही त्रास दिसत असेल किंवा जिवाला चैन पडत नसेल तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारू दे, तुम्ही डॉक्टरी सल्ला देऊ नका.

शेवटी ते 300 आणि परत आलेले नग. पुरवठादार म्हणेल, ‘परत पाठवा, आम्ही बदलून देतो.’ मोह होतो, कारण पैसे सुटतात. पण परत गेलेला माल दुसऱ्या खोक्यात भरून तिसऱ्या बाजारात जाण्याचे प्रकार घडतात, आणि तुमच्याकडे आलेली खेप कोणी आधी नाकारलेली नव्हती याची तरी काय खात्री. त्यापेक्षा पुरवठादाराशी लेखी ठरवून घ्या की माल इथेच नष्ट होईल आणि भरपाई नष्ट केल्याच्या दाखल्यावर मिळेल. जाळू नका, उघड्यावर पीव्हीसी जाळणं घातक आहे. अधिकृत कचरा प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या. त्याआधी डोकी धडापासून वेगळी करून कापून टाका, म्हणजे वाटेत कोणी उचलून विकू शकणार नाही. कापलेल्या ढिगाचा फोटो, कार्टन नंबर आणि वजन दाखल्यासोबत ठेवा. प्रत्येक खेपेतले दोन नग मात्र सीलबंद पिशवीत राखून ठेवा. पुरवठादार पुढे ‘तुमच्या लॅबचं चुकलं’ म्हणाला तर दुसऱ्या लॅबला पाठवायला तेच लागतील.

पहिल्या खेपेचा निकाल आला की इथे कळवा, भागवार आकडे दिलेत तर सोबत बसून वाचू.